फोटोवरून उतरवलेली शीट ताडायला द्यायची, तर आधी प्रत्येक ओळीला पत्ता हवा

प्रश्न : आमच्या धरणगावच्या जिनिंगचं २०१८-१९ च्या हंगामाचं कापूस खरेदी रजिस्टर हाती लिहिलेलं आहे. त्याच्या ६० पानांचे फोटो काढून एक्सेलमध्ये रूपांतर करून घेतलं. आमचे जुने मुनीम आप्पा ते फोटोशी ताडून देणार आहेत. मी हेडर फ्रीझ केलं, फिल्टरही लावला. तरी आप्पा दर पाच मिनिटांनी विचारतात, "भाऊ, हाई नोंद कोठे शे?" शिवाय फिल्टरमध्ये पहिल्या पानाखालचं काही येतच नाही. हेडर आणि फिल्टर नक्की कसे लावायचे?

उत्तर :

फिल्टरचं दुखणं सोपं आहे, म्हणून आधी तेच सांगतो. रूपांतर करणारं सॉफ्टवेअर दर पानाचा वेगळा तक्ता बनवतं आणि ते तक्ते एकाखाली एक लावताना मध्ये एक रिकामी ओळ सोडतं. तुम्ही एका सेलवर उभं राहून Data मधलं Filter दाबलं की एक्सेल आपणहून तक्त्याची हद्द शोधतं, आणि पूर्ण रिकामी ओळ लागली की हद्द संपली असं समजतं. त्यामुळे तुमचा फिल्टर पहिल्या पानापुरताच लागला आहे. खात्री करायची असेल तर कुठलाही फिल्टर लावा आणि डावीकडचे ओळींचे क्रमांक बघा. फिल्टरच्या हद्दीतले क्रमांक निळे होतात, हद्दीबाहेरचे काळेच राहतात. दुसऱ्या पानापासून काळे दिसतील.

मात्र एवढ्यावरून त्या रिकाम्या ओळी लगेच उडवू नका. त्या आणि पानोपानी पुन्हा आलेलं शीर्षक, एवढ्याच खुणांवरून नवं पान कुठे सुरू झालं ते आज कळतं. आप्पांची अडचणही तिथेच आहे. शीटमधली ७४६ वी ओळ फोटोत कुठे आहे, हे शीट सांगत नाही, आणि फोटोतल्या चौदाव्या पानावरची नववी नोंद शीटमध्ये कुठे आहे, हे फोटो सांगत नाही. हेडर फ्रीझ केल्याने 'हा आकडा कशाचा' हे कळतं, 'हा आकडा कुठला' हे कळत नाही. ताडणाऱ्या माणसाला दोन्ही लागतं, आणि दुसरं जास्त लागतं.

म्हणून मी अशा शीटला डावीकडे तीन नवे कॉलम घालतो: A मध्ये पान, B मध्ये ओळ, C मध्ये तपास. त्यानंतर D पासून रजिस्टरचे कॉलम फोटोतल्याच क्रमाने येतात. तुमच्या रजिस्टरमध्ये ते बहुधा असे असतील: D पावती क्र., E तारीख, F नाव, G गाव, H भरलेली गाडी, I रिकामी गाडी, J निव्वळ, K भाव, L रक्कम. हा क्रम आपल्या सोयीसाठी बदलू नका. आप्पांची नजर फोटोत डावीकडून उजवीकडे जाईल तेव्हा शीटमध्येही ती तशीच जायला हवी. तपासणीचे माझे जादा कॉलम म्हणजे M फरक, N शेरा आणि O फोटो. ते शेवटी असतात. पहिली ओळ बेरजेसाठी मोकळी ठेवतो, शीर्षक दुसऱ्या ओळीत, आणि पहिल्या पानाचं आपसूक आलेलं शीर्षक तिसऱ्या ओळीत असू देतो. ते कशाला, ते आता येतंच.

पानाचा क्रमांक हाताने भरायची गरज नाही. A3 मध्ये हे लिहा आणि शेवटपर्यंत ओढा:

```
=N(A2)+(D3="पावती क्र.")
```

D कॉलममध्ये 'पावती क्र.' हे शीर्षक पुन्हा दिसलं की पान एकाने पुढे जातं, नाहीतर वरचाच आकडा खाली उतरतो. शेवटच्या ओळीत ६० आलं पाहिजे. ५८ आलं तर दोन पानांचं शीर्षक रूपांतरात बिघडलं आहे, 'पावती क' किंवा 'पावनी क्र.' असं काहीतरी झालं आहे. ती शीर्षकं शोधून नीट करा, आकडा आपोआप ६० होईल. मग अख्खा A कॉलम कॉपी करून त्याच जागी Paste Special मधून Values म्हणून चिकटवा. हे विसरलात तर पुढच्या पायरीत ओळी उडवल्या की सगळे क्रमांक कोसळतील.

आता आधी लावलेला फिल्टर काढा. मग A1 पासून शेवटपर्यंतचा पट्टा न निवडता, A2 पासून शेवटच्या ओळीपर्यंत O कॉलमसकट पट्टा स्वतः निवडा आणि मग Ctrl+Shift+L दाबा. पट्टा स्वतः निवडला की एक्सेल हद्द शोधायला जात नाही, रिकाम्या ओळीही आत येतात आणि पहिल्या ओळीतली बेरीज शीर्षक समजली जात नाही. D मध्ये 'पावती क्र.' निवडून पानोपानीची शीर्षकं काढून टाका. मग D आणि F दोन्ही रिकामे असलेल्या ओळी निवडून त्या काढा. एकट्या D वर विसंबू नका. पावती क्रमांक वाचताच आला नाही अशी खरी नोंदही D मध्ये रिकामी असते, आणि ती यात गेली तर पुन्हा सापडणं कठीण. 'एकूण' आणि 'मागील पानावरून' या ओळीही अशाच फिल्टरने गोळा करा, पण त्या फेकू नका. पान क्रमांकासकट 'पानबेरीज' नावाच्या वेगळ्या शीटवर नेऊन ठेवा. नोंदींच्या मध्ये राहिल्या तर बेरीज दुप्पट होते, आणि फेकल्या तर ताडायचा सगळ्यात पक्का आधार गेला.

हे झाल्यावर फिल्टर काढा आणि B3 मध्ये ओळ क्रमांक द्या:

```
=IF(A3=A2,B2+1,1)
```

पान बदललं की मोजणी पुन्हा १ पासून सुरू होते. हाही कॉलम Values करून टाका, आणि A2 पासूनचा पट्टा निवडून फिल्टर पुन्हा लावा. आता प्रत्येक नोंदीला पत्ता मिळाला: पान १४, ओळ ९. रूपांतरात फोटोतली एखादी ओळ गळली असेल तर त्याखालचे क्रमांक एकाने चुकतील, म्हणून पान ताडताना आप्पांनी आधी शेवटची ओळ बघायची. फोटोत २२ नोंदी आणि शीटमध्ये शेवटची ओळ २१, म्हणजे काहीतरी गळलं. गळलेली ओळ घालताना खालचे क्रमांक बदलत बसू नका. बाराव्या आणि तेराव्याच्या मध्ये आली तर तिला १२.५ द्या. दिसायला विचित्र आहे, पण आधी ताडून झालेल्या ओळींचे पत्ते हलत नाहीत, आणि ही ओळ मागाहून आली हेही कायम कळतं.

फ्रीझ आता करायचं, त्याआधी नाही. तुमचं आधीचं फ्रीझ Unfreeze Panes ने काढा, E3 सेलवर उभं राहा आणि View मधून Freeze Panes, त्यातलं पुन्हा Freeze Panes निवडा. नियम असा की ज्या सेलवर उभे आहात त्याच्या वरच्या ओळी आणि डावीकडचे कॉलम थिजतात. म्हणजे वर बेरीज आणि शीर्षक, डावीकडे पान, ओळ, तपास आणि पावती क्रमांक. Freeze Top Row वापरलंत तर फक्त पहिली ओळ थिजेल आणि शीर्षक सरकून जाईल. फ्रीझ करण्याआधी Ctrl+Home दाबून शीट अगदी वर आणा आणि मगच E3 वर या. शीट खाली सरकलेली असताना फ्रीझ केलं तर तेव्हा दिसत असलेली पहिली ओळ हीच एक्सेल सुरुवात धरतं. त्याच्या वरच्या ओळी मग स्क्रोल करून दिसतच नाहीत. त्या गेल्या असं वाटतं, पण त्या तिथेच असतात. Unfreeze Panes केलं की परत येतात.

नावापर्यंत फ्रीझ करायचा मोह होतो. तुम्ही तसंच केलं असावं असा माझा अंदाज. मोठा पडदा असेल तर खुशाल करा. पण आप्पांसमोर साधा लॅपटॉप असेल, तर अर्ध्या पडद्यावर फोटो आणि अर्ध्यावर शीट अशी मांडणी लागते (विंडोजमध्ये Windows की आणि बाण). त्या अर्ध्या पडद्यात नावाचा लांब कॉलम थिजवला की रकमेपर्यंत पोहोचायला जागाच उरत नाही. थिजलेला भाग खिडकीएवढा रुंद झाला की उजवीकडचं काही केल्या दिसत नाही, आणि बिचाऱ्या माणसाला वाटतं शीटच बिघडली. पान, ओळ, तपास आणि पावती क्रमांक हे चारही कॉलम अरुंद आहेत. त्यांच्यावर भागवा.

रजिस्टरचं शीर्षक दोन मजली असेल, म्हणजे वर 'वजन' आणि खाली 'भरलेली, रिकामी, निव्वळ', तर तो वरचा मजला मोडा. जोडलेल्या सेलवर फिल्टरचा बाण एकाच कॉलमला मिळतो आणि बाकीचे कॉलम बिनबाणाचे राहतात. 'वजन भरलेली', 'वजन रिकामी', 'वजन निव्वळ' अशी एकाच ओळीत नावं लिहा आणि Wrap Text लावा. शीर्षकाची उंची दोन ओळींपेक्षा जास्त होऊ देऊ नका. लॅपटॉपवर प्रत्येक थिजलेली ओळ म्हणजे दिसणारी एक नोंद कमी.

Ctrl+T करून टेबल का बनवत नाही, असं पुष्कळ जण विचारतात. टेबलचं शीर्षक स्क्रोल करताना कॉलमच्या अक्षरांच्या जागी दिसतं खरं, पण कर्सर टेबलच्या आत असेल तेव्हाच. शिवाय डावीकडचे कॉलम त्याने थिजत नाहीत. या कामात डावी बाजूच महत्त्वाची, म्हणून मी साधा फिल्टर आणि Freeze Panes यांवरच भागवतो.

आता पहिल्या ओळीचं काम. तीन सूत्रं, अनुक्रमे B1, J1 आणि L1 मध्ये:

```
=SUBTOTAL(102,B3:B1500)
=SUBTOTAL(109,J3:J1500)
=SUBTOTAL(109,L3:L1500)
```

SUBTOTAL फक्त दिसणाऱ्या ओळी मोजतं. पान कॉलममध्ये १४ निवडलं की B1 मध्ये त्या पानाच्या नोंदी किती, J1 मध्ये निव्वळ वजनाची बेरीज आणि L1 मध्ये रकमेची बेरीज दिसते. फोटोत पानाच्या तळाशी मुनीमजींनी स्वतः मांडलेली बेरीज असते. ते दोन आकडे शेजारी ठेवायचे, बस. ही ओळ थिजलेली असल्याने पान कितीही खाली सरकवलं तरी बेरीज डोळ्यांसमोर राहते. तुमच्या रजिस्टरमध्ये पानाची बेरीज मागील पानासह चालती असेल तर तळाच्या आकड्यातून 'मागील पानावरून'चा आकडा वजा करून मग ताडा.

नोंदीतला हिशेब नोंदीतच जुळतो की नाही, ते M3 मधून कळेल:

```
=IF(H3-I3<>J3,"वजन",IF(ABS(J3*K3/100-L3)>1,"रक्कम",""))
```

वजन किलोत आणि भाव क्विंटलला धरला आहे, म्हणून शंभराने भागलं. रुपया इकडेतिकडे झाला तर चालतो, कारण पैसे कसे सोडायचे ते प्रत्येक पेढीचं वेगळं असतं. तुमच्याकडे वजनातून कडता कापत असतील तर हे सूत्र जसंच्या तसं चालणार नाही. त्यात तो कॉलम घ्यावा लागेल.

हे सगळं एकत्र कसं चालतं ते एका पानावर दाखवतो. समजा पान १४ निवडलं. B1 मध्ये २२, फोटोतही २२ नोंदी. ओळ गळलेली नाही. फोटोत तळाशी निव्वळ वजन २५,३१० किलो लिहिलंय, J1 मध्ये २३,२४० येतंय. २,०७० किलोचा फरक. M मध्ये 'वजन' निवडलं तर दोनच ओळी उरतात, नववी आणि सतरावी.

नवव्या ओळीत भरलेली गाडी २,६१०, रिकामी १,६४० आणि निव्वळ १७०. वजाबाकी ९७० येते. फोटो उघडा, तिथे ९७० च आहे. हाताने लिहिलेला देवनागरी ९ खालच्या शेपटीसकट १ सारखा दिसतो आणि सॉफ्टवेअर तिथे हमखास फसतं. एक गोष्ट ध्यानात ठेवा: ९ चा १ झाला की बेरजेत ८, ८०, ८०० किंवा ८,००० चा फरक पडतो, कारण ९ मधून १ गेले ८. पानाच्या बेरजेतला फरक ८ ने सुरू होऊन पुढे नुसती शून्यं असली की मी बाकी काही न बघता थेट १ आणि ९ शोधतो. इथे ८०० गेले, उरले १,२७०.

सतराव्या ओळीत भरलेली २,९१०, रिकामी १,६४०, निव्वळ १,२७०. भाव ५,४०० आणि रक्कम ६८,५८०. वजाबाकी बरोबर, गुणाकार बरोबर, फोटोतही अक्षरन् अक्षर तेच. तरी M म्हणतो 'वजन'. आप्पा इथे वैतागतील, आणि त्यांचा वैताग रास्त आहे. इथे चूक वाचनाची नाही. तो १२७० एक्सेलच्या लेखी आकडाच नाही, मजकूर आहे. तपासायचं असेल तर बाजूच्या रिकाम्या सेलमध्ये हे लिहा. J19 हा नुसता नमुना आहे, त्या जागी तुमचा सेल घाला:

```
=ISNUMBER(J19)
```

FALSE आलं की झालं निदान. मजकूर झालेला आकडा बेरजेत धरला जात नाही, म्हणून बेरीज बरोबर १,२७० ने कमी पडली. फिल्टरच्या यादीतही तो ओळखू येतो: खरे आकडे चढत्या क्रमाने वर असतात आणि मजकूर झालेले आकडे त्या सगळ्यांच्या खाली वेगळे बसलेले दिसतात. पूर्ण कॉलम निवडून Data मधलं Text to Columns उघडा आणि सरळ Finish दाबा. बहुतेक ठिकाणी तेवढ्याने आकडे होतात. सॉफ्टवेअरने आकडे देवनागरीतच उतरवले असतील, तर शीट पाठवण्याआधी सगळ्या आकडी कॉलमांवर ISNUMBER फिरवा.

हाच प्रकार L मध्ये झाला तर M गप्प बसेल, कारण वजाबाकी करताना एक्सेल मजकुराचा आकडा करून घेतं. तेव्हा तो फक्त L1 च्या बेरजेत सापडतो. म्हणून M रिकामा आहे एवढ्यावर पान 'झालं' म्हणू नका. नोंदीतला हिशेब जुळला, पानाची बेरीज जुळली आणि नोंदींची संख्या जुळली, तर त्या पानावरचे वजनाचे आणि पैशांचे आकडे एकेक करून वाचायची गरज मला वाटत नाही. नाव, गाव, तारीख आणि पावती क्रमांक मात्र कुठल्याच सूत्रात सापडत नाहीत. ते डोळ्यांनीच वाचावे लागतात. साठ पानांत आप्पांचा वेळ तिथे जाऊ द्या.

उलटही होतं. M 'रक्कम' दाखवतो, फोटो बघावा तर शीट आणि फोटो तंतोतंत सारखे. म्हणजे त्या दिवशी लिहिणाऱ्याचाच गुणाकार चुकला होता. अशा ठिकाणी आकडा दुरुस्त करायचा नाही. आपण रजिस्टर उतरवतो आहोत, त्याचं ऑडिट करत नाही. आकडा आहे तसा ठेवायचा आणि शेऱ्यात 'मुळात असेच' लिहायचं.

गावाच्या कॉलममध्ये एक वेगळी भानगड असते. लागोपाठ पाच शेतकरी पाळधीचे आले की मुनीम पहिल्या ओळीत 'पाळधी' लिहितो आणि खाली नुसत्या दोन उभ्या रेघा ओढतो. रूपांतरात त्या रेघांचं कधी ११ होतं, कधी स्वल्पविराम, कधी काहीच नाही. या अवस्थेत गावावर फिल्टर लावला तर पाळधीचा एकच शेतकरी दिसेल. म्हणून फिल्टर लावण्याआधी G मधले ११ आणि स्वल्पविराम पुसून रिकामे करा, मग G3 पासून शेवटच्या नोंदीपर्यंतचा पट्टा निवडा. Home मधल्या Find & Select मधून Go To Special, त्यात Blanks. रिकाम्या सेल निवडल्या गेल्या की = टाइप करून एकदा वरचा बाण दाबा आणि Ctrl+Enter करा. निवड तशीच असताना त्या सेलना फिका पिवळा रंग द्या, आणि मगच कॉलम Values करून टाका. पुढे फिल्टरमध्ये Filter by Color ने हेच सेल वेगळे काढून फोटोशी बघता येतात, कारण त्यातला एखादा रेघांचा नसून खरंच न वाचलेला असू शकतो.

त्यानंतर गावाच्या फिल्टरची यादी नुसती उघडून वाचा. 'धरणगाव', 'धरनगाव', 'धरणगांव' अशी एकाखाली एक दिसतील. ही यादी म्हणजे संशयितांची हजेरी आहे, निकाल नाही. मुनीमजी जुन्या वळणाने 'गांव' लिहीत असतील तर फोटोत तसंच असणार आणि शीटमध्येही तसंच हवं. 'पिंप्री' आणि 'पिंप्राळा' ही तर वेगवेगळी गावं. यादीतून उचलून एकदम सगळं सारखं करू नका. त्या ओळी गाळून काढा आणि एकेक फोटो बघा.

फोटो पटकन उघडावा म्हणून O कॉलम. फोटोंची नावं p001.jpg, p002.jpg अशी पानाच्या क्रमाने ठेवा, शीटच्या शेजारी photo नावाच्या फोल्डरमध्ये, आणि O3 मध्ये:

```
=HYPERLINK("photo\p"&TEXT(A3,"000")&".jpg","पान "&A3)
```

पानामागून पान ताडताना याची फारशी गरज पडत नाही. पण फिल्टरने सात पानांवरच्या बारा ओळी समोर आणल्या की हा कॉलम फार उपयोगी पडतो. शीट आणि फोल्डर एकत्रच हलवा. नुसती शीट व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली तर दुवे कशालाच जोडलेले राहणार नाहीत.

तपास कॉलममध्ये काय लिहायचं ते ठरवून द्या. Data Validation मध्ये List निवडून 'बरोबर,दुरुस्त,शंका' एवढे तीनच पर्याय ठेवा. मोकळं सोडलं तर 'ok', 'ठीक', 'बरोबर आहे', 'ब.' असं काहीही येतं आणि त्यावर फिल्टर लावणं अवघड होतं. रिकामं म्हणजे अजून न पाहिलेलं. त्यामुळे C मध्ये Blanks निवडलं की किती काम उरलं ते B1 सांगतं.

दोन गोष्टींपासून शीट वाचवायला हवी. पहिली सॉर्टिंग: फिल्टरच्याच यादीत वर Sort A to Z बसलेलं असतं आणि बोट चुकून तिथे पडतं. पूर्ण तक्ता सॉर्ट झाला तर पान आणि ओळ यांवर परत सॉर्ट करून क्रम आणता येतो. पत्ते Values करायला सांगितलं त्याचं हेही एक कारण. दुसरी चिकटवणं: फिल्टर लागलेला असताना अनेक ओळींचा गठ्ठा चिकटवला की तो मधल्या लपलेल्या ओळींवरही जाऊन बसतो, आणि ते त्या क्षणी दिसत नाही. दोन्हींवर मी एकच उपाय करतो. C आणि N हे दोन कॉलम निवडून Format Cells मधल्या Protection मध्ये Locked ची खूण काढतो. मग फिल्टर लावलेला असताना Review मधून Protect Sheet करतो आणि तिथल्या यादीत Use AutoFilter वर खूण करतो. फिल्टर आधी लावायला विसरलात तर संरक्षण दिल्यावर तो लावता येत नाही. आता आप्पांना गाळता येतं, तपास आणि शेरा लिहिता येतो, पण कुलूपबंद सेलमुळे सॉर्ट होत नाही आणि मूळ आकडाही बदलत नाही. चुकलेला आकडा ते शेऱ्यात लिहितील, 'निव्वळ ९७०' असा, आणि तपासमध्ये 'शंका' टाकतील. दुरुस्ती तुम्ही करा, मग 'दुरुस्त' लिहा. आप्पांचा एक्सेलवर हात बसलेला असेल तर त्यांनाच बदलू द्यायला हरकत नाही, पण मग आधीची एक प्रत बाजूला हवी.

C मध्ये Blanks निवडून काम करताना आणखी एक गोष्ट आप्पांना आधीच सांगून ठेवा. ओळीत 'बरोबर' भरलं तरी ती लगेच नाहीशी होत नाही. भरलेल्या ओळी पडद्यावर तशाच राहतात. फिल्टरची यादी पुन्हा उघडून OK दाबलं की त्या जातात. एका अर्थी ते सोयीचंच आहे, कारण नजर फोटोवरून शीटवर परत येईपर्यंत ओळ पायाखालून सरकत नाही.

आप्पा धरणगावला आणि तुमचा दुसरा माणूस धुळ्याला बसून एकाच वेळी ताडणार असतील, तर गुगल शीट बरी. तिथे फ्रीझ View मधल्या Freeze मध्ये आहे, आणि जोडलेला सेल अर्धा कापला जात असेल तर ते फ्रीझ करूच देत नाही. साधा फिल्टर लावला तर एकाने गाळलेलं दुसऱ्यालाही गाळलेलंच दिसतं. म्हणून Data मधून Create filter view वापरा आणि प्रत्येकाच्या नावाचा वेगळा व्ह्यू करून द्या. SUBTOTAL ची सूत्रं तिथेही साध्या फिल्टरवर चालतात. फोटोचा दुवा मात्र लॅपटॉपवरच्या फोल्डरवर जाणार नाही, त्यासाठी फोटोही ड्राइव्हवर टाकून प्रत्येक पानाचा दुवा वेगळा घालावा लागेल.

आणि आप्पा म्हणालेच की 'कागदावर दे, पेन्सिलीने खुणा करतो', तर फ्रीझ केलेलं शीर्षक छापताना दर पानावर येत नाही. Page Layout मधल्या Print Titles मध्ये Rows to repeat at top समोर $2:$2 लिहा, पान कॉलम बदलेल तिथे पेज ब्रेक द्या, आणि A पासून L पर्यंतच आडव्या कागदावर छापा. फरकाच्या ओळींना आधीच रंग देऊन ठेवलात तर पेन्सिल थेट तिथे जाईल.